वही फाडू नका

आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी पासवर्डची कार्यशाळा घ्यायची, असं कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं आणि ती कोण घेणार हे माझ्या आईने परस्पर सांगून टाकलं. "आमची मुलगी कॉम्प्युटरवरच तर असते दिवसभर!" मी कंटेंट रायटर आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर असते हे खरं, पण तिथे मी मिक्सर आणि पडद्यांची वर्णनं लिहिते. शिक्षण बी. ए. इंग्लिश. तरी हो म्हटलं, कारण एक गोष्ट मला नक्की येते: स्क्रिप्ट लिहिता येते. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, कुठलं वाक्य दोनदा म्हणायचं, सगळं नऊ पानांत उतरवलं. आम्ही बडोद्यात राहतो, त्यामुळे स्क्रिप्ट मराठीत, अवघड वाक्यं गुजरातीत आणि विनोद हिंदीत.

त्या नऊ पानांतलं एक वाक्य मला अजून टोचतं. तुम्हीही घरातल्या मोठ्या माणसांना फोनमधलं काही शिकवायला बसणार असाल, तर ते वाक्य कसं महागात पडलं असतं हे ऐकाच.

आधी पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय ते सांगते. मी सोसायटीच्या हॉलमध्ये सांगितलं तसंच. तुमच्याकडे वीस किल्ल्या आहेत: ईमेलची, रेल्वे तिकिटाची, वीजबिलाची, आयकराची, मेडिक्लेमची. त्या सगळ्या एका तिजोरीत ठेवायच्या आणि तिजोरीची एकच किल्ली लक्षात ठेवायची. ती किल्ली म्हणजे मास्टर पासवर्ड. आम्ही बिटवॉर्डन निवडलं, कारण ते फुकट वापरता येतं आणि अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप सगळीकडे चालतं. तुमचा मास्टर पासवर्ड त्या कंपनीलाही माहीत नसतो. तिजोरीतला मजकूर तुमच्याच फोनवर कुलूपबंद होऊन मग त्यांच्याकडे जातो. म्हणून त्यांच्याकडून चोरी झाली, तरी चोराच्या हाती बंद तिजोरीच लागते.

हॉलमध्ये याला टाळ्या पडल्या. पण या वाक्याला दुसरी बाजू आहे आणि ती मी घाईत सांगितली. तुम्ही किल्ली हरवलीत, तर कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. बँकेसारखी शाखा नाही, ओळखपत्र दाखवून दुसरी किल्ली मिळत नाही. खातं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढाच रस्ता उरतो.

आणि मग स्क्रिप्टच्या नवव्या पानावर, अगदी शेवटी, टाळीसाठी लिहिलेलं माझं वाक्य होतं: "आता घरी जा आणि ती पासवर्डची जुनी वही फाडून टाका."

सी-३०२ मधल्या आजोबांनी फाडली. रेल्वेच्या लेखा विभागात आयुष्य काढलेला माणूस, सूचना मिळाली की अंमलबजावणी.

तीन महिन्यांनी, दिवाळीची सुट्टी संपता संपता, आजोबा आमच्या दारात उभे. फोन हातात. "अगं, ते तुझं अ‍ॅप मला ओळखत नाही."

झालं होतं असं. सुरतेहून नातू आला होता. आजोबांचा फोन सारखा सारखा उघडून मागायला नको, म्हणून त्याने स्वतःचं बोट फोनमध्ये नोंदवून ठेवलं. निरागसपणे, आणि आजोबांच्या परवानगीने. पण फोनमध्ये नवं बोट नोंदलं गेलं की पासवर्ड मॅनेजर सावध होतो. त्याच्या दृष्टीने हा फोन आता आणखी कुणाच्या तरी बोटाने उघडतो आहे. तो माणूस नातू आहे की चोर, हे त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून तो बोटाने उघडणं बंद करतो आणि मास्टर पासवर्ड मागतो. हे बरोबरच आहे. मी ते अ‍ॅप लिहिलं असतं, तरी असंच केलं असतं.

अडचण अशी, की तीन महिने आजोबांनी मास्टर पासवर्ड एकदाही टाइप केला नव्हता. रोज बोट लावायचं, तिजोरी उघडायची. बोटाच्या सोयीत पासवर्ड विसरायला तीन महिने खूप झाले. तुमच्याकडे आत्ता असं अ‍ॅप असेल, तर स्वतःला विचारून बघा: बोट न लावता उघडता येईल?

मास्टर पासवर्ड त्यांनी मराठी शब्दांचा केला होता. तीही माझीच कल्पना, आपल्या भाषेतले शब्द लक्षात राहतात म्हणून. त्यांना शब्द आठवतही होते: अंगण, पाऊस, आणि आणखी दोन. पण रोमन लिपीत अंगण म्हणजे `angan` की `angaan`? पाऊस `paus`, `paaus` की `pavoos`? मराठी रोमनमध्ये लिहायला नियम नाही. सकाळी एक लिहितो, संध्याकाळी दुसरं. चार शब्द, प्रत्येकाची तीन-चार रूपं, मध्ये जागा सोडली होती की नाही याची खात्री नाही. आम्ही अर्धा तास प्रयत्न केले. मग मी विचारलं, "आजोबा, अ‍ॅपमध्ये इशारा लिहून ठेवायची सोय होती ना, तुम्ही काय लिहिलं होतं?" इशारा ईमेलवर मागवता येतो. ईमेल फोनवर उघडंच होतं, सुदैवाने. इशारा आला. त्यात एकच शब्द होता: "नेहमीचा".

आजोबा हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की गोष्ट वीजबिलाची नाही. तिजोरीत सत्तावीस पासवर्ड होते. त्यातले सव्वीस कुठून ना कुठून बदलून मिळाले असते. सत्ताविसावा आजींच्या ईमेलचा होता. आजी गेल्याला दीड वर्ष झालं. त्यांच्या खात्यात मेलबर्नच्या मुलीला लिहिलेली दहा वर्षांची पत्रं आहेत. आजोबा अधूनमधून लॅपटॉपवर ते खातं उघडून वाचतात, वाचून झालं की शिस्तीने बंद करतात. त्या खात्याशी जोडलेला फोन नंबर आजींचा होता आणि त्यांच्यामागे तो रिचार्ज न केल्याने बंद पडला होता. म्हणजे 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं, तर कोड जाणार त्या बंद नंबरवर. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिलाही जातो. शिवाय गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं कुणीच न उघडलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं.

आणि वही फाडलेली होती.

मी घरी येऊन माझी नऊ पानं काढली. लॉकआउट हा शब्द त्यात फक्त एकदा होता.

दुसऱ्या दिवशी मला एक आठवण आली. कार्यशाळेत आजोबांनी अ‍ॅप आधी टॅबलेटवर टाकलं होतं, अक्षरं मोठी दिसतात म्हणून. मग फोनवर. टॅबलेट कुठे आहे? कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून. बॅटरी पूर्ण मेलेली. चार्जिंगला लावला आणि आम्ही दोघं समोर बसलो.

त्या टॅबलेटला बोटाची सोय नव्हती, म्हणून त्यांनी चार आकडी पिन ठेवला होता. पिन ठेवताना अ‍ॅप विचारतं: अ‍ॅप पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड मागायचा का? सुरक्षिततेच्या दृष्टीने 'हो' म्हणणं चांगलं. आजोबांनी 'हो' म्हटलं असतं, तर बॅटरी संपून पुन्हा सुरू झालेल्या टॅबलेटने मास्टर पासवर्डच मागितला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. ते काय म्हणाले होते हे त्यांना आठवत नव्हतं. मलाही नाही.

स्क्रीन उजळली. अ‍ॅप उघडलं. त्याने पिन मागितला.

पिनचंही एक बंधन आहे. पाच वेळा चुकला की अ‍ॅप त्या यंत्रावरून स्वतःला बाहेर काढतं, आणि पुन्हा आत यायला मास्टर पासवर्डच लागतो. मी आजोबांना म्हटलं, दोनदा चुकलं तर थांबायचं, चहा प्यायचा. आजोबांनी आपलं जन्मवर्ष टाकलं. चूक. मग थोडा वेळ टॅबलेट मांडीवर ठेवून बसले आणि लग्नाचं वर्ष टाकलं.

तिजोरी उघडली.

अशा वेळी दोन मोह होतात. पहिला मोह, सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये काढून घ्यायचा. ते जमत नाही, कारण फाइल काढून देण्याआधी अ‍ॅप मास्टर पासवर्ड मागतं. दुसरा मोह, 'काहीतरी बिघडलंय, एकदा बाहेर पडून परत येऊ' असं म्हणून `Log out` दाबायचा. हे कधीही करू नका. `Lock` म्हणजे दार लोटून घेणं, पिन किंवा बोटाने परत उघडतं. `Log out` म्हणजे घर सोडून जाणं. परत यायला मूळ किल्ली पाहिजे. तुमचा मास्टर पासवर्ड विसरला असेल आणि एखाद्या यंत्रावर तिजोरी अजून उघडत असेल, तर एकच काम करायचं: वही घ्या आणि एकेक नोंद हाताने उतरवा. आम्ही दोन तास उतरवल्या. आजोबा वाचायचे, मी लिहायची, मग मी वाचायची आणि ते पडताळायचे. शून्य आणि ओ, एक आणि एल, यांवर ते मला दर वेळी थांबवत होते. लेखा विभाग! आजींचा पासवर्ड त्यांनी स्वतः लिहिला.

मग जुनं खातं पुसलं, त्याच ईमेलवर नवं उघडलं. आजींच्या ईमेलमध्ये आत जाऊन बंद नंबर काढला आणि आजोबांचा नंबर टाकला.

त्यानंतर मी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता ती चार पानांची आहे. विनोद बरेच गेले. क्रमही बदलला.

आता सुरुवात तिजोरीपासून होत नाही, कागदापासून होते. प्रत्येकाला एक कोरा कागद देते. त्यावर वर अ‍ॅपचं नाव, खाली कुठल्या ईमेलवर खातं आहे ते, खाली मास्टर पासवर्ड, अक्षर न् अक्षर जसं टाइप केलं तसं. इथे दर वेळी कुणीतरी हात वर करतं: "पण पासवर्ड कागदावर लिहू नये असं म्हणतात ना?" म्हणतात. ऑफिसात मॉनिटरला चिकटवण्याबद्दल ते ठीकच आहे. पण आमच्या हॉलमधल्या लोकांना गंडवणारे फोनवरून येतात. गोदरेजचं कपाट फोडून बिटवॉर्डनचा कागद शोधणारा चोर मला अजून भेटायचा आहे. कागद पाकिटात, पाकीट विम्याच्या कागदांत. दुसरी प्रत दुसऱ्या घरात, मुलीकडे किंवा भावाकडे. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पाठवायची नाही.

याच कागदावर ईमेलचा पासवर्डही लिहायचा. तो तिजोरीत असला, तरी इथेही. कारण असं: नव्या फोनवर बिटवॉर्डनमध्ये शिरताना मास्टर पासवर्ड बरोबर असला, तरी ते एक कोड तुमच्या ईमेलवर पाठवतं, खरंच तुम्हीच आहात ना बघायला. आता जुना फोन रिक्षात राहिला आहे, नवा हातात आहे. कोड ईमेलमध्ये, ईमेलचा पासवर्ड तिजोरीत, आणि तिजोरी कोडाची वाट बघते आहे. दार ओढून घेतलं आणि किल्ली आत, तसं. जीमेलवर टू-स्टेप चालू असेल, तर पासवर्डही पुरत नाही, तेही फोनवर कोड मागतं. त्यासाठी `myaccount.google.com` वर सुरक्षेच्या भागात बॅकअप कोड मिळतात: दहा कोड, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदाच्या मागच्या बाजूला. एक वापरला की त्यावर रेघ मारायची. नवे दहा काढले, तर जुने सगळे बाद होतात, तेव्हा जुना कागदही बदलायचा, दोन्ही घरांतला.

मास्टर पासवर्डचे शब्द आता आम्ही फासे टाकून निवडतो. ही पद्धत जुनी आहे, डाइसवेअर म्हणतात, १९९५ पासूनची. पाच फासे टाकायचे, आकडे ओळीने लिहायचे आणि यादीत त्या आकड्यांपुढचा शब्द घ्यायचा. यादीत ७७७६ शब्द असतात, म्हणजे सहा पाच वेळा गुणून येतात तेवढे. असे चार शब्द, मध्ये आडवी रेघ. यादी इंग्रजी आहे हे मला सुरुवातीला आवडलं नाही, पण इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग एकच असतं, आणि अंगणाने मला धडा दिला होता. मुख्य म्हणजे शब्द तुम्ही निवडत नाही, फासे निवडतात. माणसाने निवडला की नातवाचं नाव आलंच. सोसायटीतल्या सगळ्या लुडोंचे फासे गोळा केले आणि हॉलमध्ये असा गलका झाला, की वॉचमन बघायला आला. ए-१०२ मधल्या मासींना एका शब्दाचा अर्थ 'घोरणं' निघाला. त्या दिवसभर आपल्या नवऱ्याकडे बघून हसत होत्या.

मग मधला भाग, जो पहिल्या स्क्रिप्टमध्ये नव्हताच. तिजोरीत पहिल्या दिवशी फक्त एकच पासवर्ड ठेवायचा, तोही बिनमहत्त्वाचा. आमच्याकडे बहुतेकांनी किराणा दुकानाच्या अ‍ॅपचा ठेवला. ईमेल नाही, आयकर नाही. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन तर कधीच नाही, ते डोक्यातच राहू देत. आणि मग, रिकाम्या तिजोरीत गमावण्यासारखं काही नसताना, सगळ्यांनी मिळून `Log out` दाबायचं आणि कागद बघून परत आत यायचं. दर रविवारी एकदा, तीन रविवार. जो तिन्ही वेळा आत येतो, त्यानेच बाकीचे पासवर्ड भरायचे. जुनी वही त्यानंतरही महिनाभर ठेवायची. मग ती फाडायची की नाही, हे मी आता सांगत नाही.

पहिल्या रविवारी चौदा जण होते. मी म्हटलं, "दाबा." हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फक्त पंख्याचा आवाज आणि बोटांचा. तेरा जण आत आले. मासी अडकल्या. त्यांचा कागद बघितला तर शब्द बरोबर होते, पण मधली रेघ त्यांनी ओळीच्या तळाशी काढली होती. फोनवर टाइप केली होती मधली, कागदावर लिहिली खालची, आणि आज कागदाबरहुकूम खालची टाइप करत होत्या. मी त्यांना मधली रेघ टाकायला सांगितली. उघडलं. कागद दुरुस्त केला, दुसऱ्या प्रतीवरही.

त्यांच्या तिजोरीत त्या दिवशी किराण्याचा एकच पासवर्ड होता.

सी-३०२ मधले आजोबा शेवटच्या रांगेत बसले होते. कागद वहीच्या पहिल्या पानाला टाचलेला. वही नवी आहे, लाल कापडी पाठीची, हिशेबाची असते तशी. बाकीचे उठले तरी ते काहीतरी लिहीत होते. जाता जाता मला म्हणाले, "पुढच्या रविवारी सुरतेचे येणार आहेत. त्याला सांगून ठेवलंय, फोन हवा तेव्हा माग, पण बोट लावायचं नाही."

मी स्क्रिप्टमध्ये तेही वाक्य घातलं. दुसऱ्या पानावर, वरून तिसरं.